आकडा फुगला कुठे आणि पैसा आला कुठून: उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचताना

अर्ज भरायची मुदत संपली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी ठरलेली असते: अमुक उमेदवार इतक्या कोटींचा धनी, तमुक उमेदवाराची संपत्ती पाच वर्षांत अडीचपट. बेळगावात कट्ट्यावर, निपाणीत चहाच्या टपरीवर, खानापूरच्या स्टँडवर दोन दिवस तेवढीच चर्चा होते. त्या आकड्यावरून कुणी उमेदवाराला चोर ठरवतं, कुणी कर्तबगार. माझं म्हणणं असं की नुसत्या त्या आकड्यावरून यातलं काहीच ठरत नाही. ठरवायला लागणारी माहिती त्याच कागदात असते, पण ती चार-पाच वेगवेगळ्या रकान्यांत विखुरलेली असते. ती एकत्र कशी आणायची, ते एका उदाहरणातून पाहू.

हा कागद म्हणजे नेमकं काय

लोकसभेचा किंवा विधानसभेचा प्रत्येक उमेदवार अर्जासोबत 'फॉर्म 26' नावाचं प्रतिज्ञापत्र देतो. ते नोटरी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर केलेलं असतं. मतदाराला ही माहिती मिळालीच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने 2002 आणि 2003 साली सांगितलं, आणि तेव्हापासून हा कागद आला. त्यात उमेदवाराबरोबर त्याची बायको किंवा तिचा नवरा, एकत्र कुटुंब आणि अवलंबून असलेली माणसं यांचे वेगळे रकाने असतात.

कागद मिळवायला कुणाची ओळख लागत नाही. affidavit.eci.gov.in या आयोगाच्या साइटवर निवडणूक, राज्य आणि मतदारसंघ निवडला की स्कॅन केलेली प्रत उतरवून घेता येते. आपल्याकडे ही प्रत बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असते आणि अनेक मराठी मतदार तिथेच हात टेकतात. पण रकान्यांचे क्रमांक कुठल्याही भाषेत तेच असतात. 4 म्हणजे पॅन आणि इन्कम टॅक्सचं उत्पन्न, 5 म्हणजे चालू फौजदारी केसेस, 6 म्हणजे शिक्षा झालेल्या केसेस, 7 म्हणजे मालमत्ता, 8 म्हणजे देणी, 9 म्हणजे व्यवसाय आणि उत्पन्नाचे मार्ग. एवढे क्रमांक माहीत असले की एखाद्या कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याला अर्धा तास बसवून सगळा कागद समजून घेता येतो.

शेवटी 'भाग ब' नावाचा गोषवारा असतो. पेपरातला आकडा बहुतेक वेळा तिथूनच उचललेला असतो. आपण मात्र तिथून सुरुवात करायची नाही.

एक उमेदवार, दोन निवडणुका

एकटं प्रतिज्ञापत्र फार थोडं बोलतं. त्याच माणसाची दोन निवडणुकांची प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवली की ती बोलू लागतात. समजा, चिकोडी तालुक्यातला एक उमेदवार 2018 साली विधानसभेला उभा राहिला आणि 2023 सालीही. माणूस काल्पनिक आहे, आकडेही मी सोयीसाठी घेतलेत, पण रकाने खरे आहेत.

2018 साली नवरा-बायकोची मिळून जंगम मालमत्ता 40 लाखांची होती: बँकेत 13 लाख, 300 ग्रॅम सोनं 9 लाखांचं, गाडी 8 लाखांची, विमा पॉलिसी 10 लाखांची. स्थावरात वडिलोपार्जित सहा एकर शेती, बाजारभावाने 90 लाखांची, आणि बेळगावातलं घर, बाजारभावाने 70 लाखांचं. एकूण दोन कोटी. देणं फक्त घराच्या कर्जाचं, 12 लाख.

2023 साली जंगम मालमत्ता 85 लाखांवर गेली: बँकेत 22 लाख, तेच 300 ग्रॅम सोनं आता 18 लाखांचं, नवी गाडी 15 लाखांची, आणि एका फर्मला उसने दिलेले 30 लाख. विमा पॉलिसी यादीत नाही. स्थावरात तीच सहा एकर आता 1 कोटी 80 लाखांची, तेच घर 1 कोटी 10 लाखांचं, आणि एक नवा प्लॉट. तो 2021 साली 75 लाखांना घेतलेला आहे आणि आजची किंमत एक कोटी दाखवली आहे. सगळं मिळून 4 कोटी 75 लाख. देणी 35 लाख: 20 लाख एका सौहार्द सोसायटीचे, 15 लाख एका व्यक्तीकडून हातउसने.

पेपर म्हणेल, संपत्ती जवळपास अडीचपट, वाढ पावणेतीन कोटींची. आता ही वाढ फोडून पाहू.

आधी नुसता वाढलेला भाव बाजूला काढा

गल्लीतल्या घरांना भाव आला म्हणून आपल्या खिशात दमडी पडत नाही, घर विकलं तरच पडते. उमेदवाराच्या शेतीचंही तसंच आहे. सहा एकर तेव्हाही सहा एकर होती, आजही तेवढीच आहे. भाव 90 लाखांनी वाढला, त्यासाठी त्याला कुठून पैसा आणावा लागला नाही. घराचे 40 लाख तसेच. प्लॉटवर घेतल्यापासून चढलेले 25 लाखही तसेच. हे झाले 1 कोटी 55 लाख.

यासाठी रकाना 7 च्या स्थावर भागात प्रत्येक मालमत्तेपुढे चार गोष्टी पाहायच्या: वडिलोपार्जित आहे का, घेतली असेल तर कधी घेतली, तेव्हा किती दिले, आणि आजची अंदाजे किंमत किती. पेपरवाले चौथी गोष्ट घेतात. आपल्या कामाची तिसरी, कारण खिशातून खरोखर गेलेला पैसा तिथे लिहिलेला असतो. नंतर बांधकामावर किंवा सुधारणेवर केलेला खर्च वेगळा विचारलेला असतो, तोही त्यात मिळवायचा.

सोन्याचंही हेच. फॉर्ममध्ये दागिन्यांचं वजन आणि किंमत दोन्ही विचारलेली असतात. वजन तेच आणि किंमत दुप्पट असेल तर वाढ सराफ बाजारातली आहे. 2018 ते 2023 मध्ये सोन्याचा भाव जवळपास दुप्पट झाला होता, त्यामुळे आपल्या उदाहरणातले हे 9 लाखही बाजूला. वजन मात्र 300 ग्रॅमवरून 800 ग्रॅमवर गेलं असतं तर ती खरेदी धरावी लागली असती.

पावणेतीन कोटींतून 1 कोटी 64 लाख असे गळाले. उरले 1 कोटी 11 लाख. हा खरा, नव्याने घातलेला पैसा.

मग कर्जाचा वाटा वजा करा

हा 1 कोटी 11 लाख सगळा कमावलेला असेलच असं नाही, काही कर्जाऊ आलेला असेल. देणी 12 लाखांवरून 35 लाखांवर गेली, म्हणजे निव्वळ 23 लाख कर्जातून आले. उरले 88 लाख. पाच वर्षांत एवढी बचत या घराला दाखवता आली पाहिजे.

इथे थांबून देण्यांचा रकाना नीट पाहा. आपल्या भागात मला तो मालमत्तेपेक्षाही जास्त सांगणारा वाटतो. बँकेचं कर्ज म्हणजे कुणीतरी कागद तपासून दिलेला पैसा. पण 'व्यक्ती किंवा संस्था' यांच्याकडून घेतलेली रक्कम दिसली की नाव वाचायचं. ज्या पतसंस्थेचा किंवा सौहार्दचा उमेदवार स्वतः चेअरमन आहे, तिथूनच मोठं कर्ज आहे का? नवऱ्याच्या देण्यात बायकोचं नाव आणि तिच्या मालमत्तेत त्याच रकमेचं येणं, असं आहे का? तसं असेल तर ती रक्कम घरातल्या घरात फिरली आहे, आणि बेरजेत मालमत्तेकडेही दिसते, देण्याकडेही. आपल्या उमेदवाराने फर्मला दिलेले 30 लाख घ्या. ती फर्म कुणाची? त्याच वर्षी कुठल्या फर्मकडून त्याने स्वतः उसने घेतले आहेत का? ठेवीदारांचे पैसे बुडालेल्या पतसंस्था आपण पाहिल्या आहेत, तेव्हा हे प्रश्न विचारायला संकोच नको.

सरकारी देण्यांची ओळही तिथेच असते: वीज, पाणी, घरफाळा, इन्कम टॅक्स. वादातली देणी वेगळी दाखवतात. दिवाणी दावे फौजदारी केसेसच्या रकान्यात येत नाहीत, त्यामुळे वसुलीच्या वादाची खूण सापडली तर इथेच सापडते.

आता उत्पन्नाशी ताळा करा

रकाना 4 मध्ये मागच्या पाच वर्षांच्या इन्कम टॅक्स रिटर्नमधलं उत्पन्न असतं, स्वतःचं आणि जोडीदाराचं. ही पाच वर्षांची अट 2019 साली आली. म्हणून 2018 च्या कागदात एकाच वर्षाचा आकडा दिसेल, गोंधळू नका. 2023 च्या एप्रिलमध्ये अर्ज भरले गेले तेव्हा ताजं रिटर्न 2021-22 चं होतं. म्हणजे पाच वर्षं 2017-18 पासूनची, आणि दोन निवडणुकांमधल्या काळाशी ती तंतोतंत जुळत नाहीत. ताळा अंदाजाचाच राहणार.

आपल्या उमेदवाराचं पाच वर्षांचं उत्पन्न 32 लाख, बायकोचं 16 लाख, मिळून 48 लाख. बचत दिसते 88 लाखांची. तूट 40 लाखांची, आणि यात घरखर्च, मुलांची फी, दवाखाना काहीच धरलेलं नाही.

घाई करून 'सापडला' म्हणू नका. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं, म्हणून ते या 48 लाखांत दिसत नाही. सहा एकर ऊस, एकरी 40 टन, टनाला तीन हजार धरले तर वर्षाला सव्वासात लाखांच्या आसपास येतात. निम्मे खर्चात गेले तर हातात साडेतीन लाख, पाच वर्षांत साडेसतरा लाख. मुदत संपलेल्या विमा पॉलिसीवर मिळालेली वाढीव रक्कमही बहुधा करमुक्त असते, आणि जवळच्या नातेवाइकाकडून मिळालेली भेटही. आमदार असेल तर काही भत्त्यांवर कर लागत नाही.

हे सगळं धरूनही वीसेक लाख आणि पाच वर्षांचा घरखर्च यांचा मेळ लागत नाही. यावरून गुन्हा सिद्ध होत नाही. पण गावात प्रचाराला आल्यावर विचारायचा प्रश्न यातूनच तयार होतो: 2021 सालच्या त्या प्लॉटचे 75 लाख कुठून दिले? 'तुमची संपत्ती अडीचपट कशी झाली' या प्रश्नाला 'जमिनीचे भाव वाढले' हे उत्तर तयार असतं, आणि ते खरंही असतं. प्लॉटच्या प्रश्नाला तसं उत्तर देता येत नाही.

उलट बाजूही पाहायची. 2018 च्या यादीत असलेला एखादा सर्व्हे नंबर 2023 मध्ये गायब असेल तर जमीन विकली का, वाटणीत गेली का, की लिहायची राहिली? विकली असेल तर तिचे पैसे या ताळ्यात यायला हवेत.

लिहिलेलं खरं आहे का, हे पाहता येतं?

थोडंफार येतं. शेतीपुढे गाव आणि सर्व्हे नंबर द्यावाच लागतो. कर्नाटकातला उतारा landrecords.karnataka.gov.in वर तालुका, होबळी, गाव आणि सर्व्हे नंबर घालून पाहता येतो. उताऱ्यावर चार भावांची नावं असतील आणि उमेदवाराने आपला हिस्साच दाखवला असेल तर ते बरोबर आहे, कारण सामाईक मालमत्तेत हिस्सा किती हे सांगायचं असतं.

आपल्या सीमाभागात अनेकांची जमीन पलीकडे चंदगड, कागल किंवा गडहिंग्लज तालुक्यात असते. तीही दाखवावी लागते. तिकडच्या सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, फॉर्ममध्ये एकरात. 80 आर म्हणजे जवळपास दोन एकर. 0.80 हा आकडा तसाच एकर म्हणून उतरवला तर जमीन निम्म्याहून कमी दिसते. हे चुकून होतं, मुद्दामही होऊ शकतं.

आजची किंमत मात्र उमेदवाराचा स्वतःचा अंदाज असतो. एकाच शिवारातल्या शेजारच्या जमिनी दोन उमेदवारांनी दुप्पट फरकाने दाखवल्या असं होऊ शकतं. म्हणून दोन वेगळ्या उमेदवारांच्या एकूण संपत्तीची तुलना मला फारशी उपयोगाची वाटत नाही.

या कागदात जे येतच नाही

'अवलंबून' म्हणजे स्वतःचं उत्पन्न नसलेली आणि उपजीविकेसाठी उमेदवारावर विसंबून असलेली माणसं. कमावता मुलगा, वेगळं राहणारा भाऊ, सून, मेहुणा यांची मालमत्ता इथे दिसणार नाही. शिक्षण संस्थेच्या ट्रस्टची इमारत दिसणार नाही. सहकारी साखर कारखान्याचा चेअरमन कारखान्याचा मालक नसतो, तेव्हा तोही नाही. खाजगी कारखाना असेल तर फक्त शेअर्स दिसतात. शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीचे शेअर्स हिशेबाच्या वहीतल्या किमतीला दाखवायचे असतात, आणि ती किंमत कारखान्याच्या खऱ्या किमतीपेक्षा खूप कमी असू शकते. म्हणून शेअर्सच्या ओळीत रकमेपेक्षा कंपनीचं नाव महत्त्वाचं. सरकारी कंत्राटं असतील तर ती रकाना 9 मध्ये येतात, जोडीदाराची आणि भागीदारी फर्मचीही.

'केसेस तर आंदोलनाच्याही असतात'

असतातच. सीमाप्रश्नाच्या आंदोलनात, 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत, मोर्च्यात केसेस अंगावर घेतलेली माणसं आपल्यातच आहेत. 'इतक्या उमेदवारांवर गुन्हे' अशा बातमीत ती आणि पतसंस्थेत अपहाराचा आरोप असलेला माणूस एकाच बेरजेत बसतात. त्या बेरजेवर विसंबणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि दुसऱ्याला मोकळीक.

म्हणून रकाना 5 मध्ये केसेस मोजण्याआधी कलमं वाचा. जुन्या दंडसंहितेची 143, 147, 149 ही बेकायदा जमाव आणि दंगलीची कलमं, 188 म्हणजे सरकारी हुकूम मोडणं. एवढीच असतील तर केस बहुधा मोर्च्याची. 353, सरकारी नोकरावर हल्ला, हे आंदोलनातही लागतं आणि तलाठ्याला मारहाण केली तरी लागतं, म्हणून शेजारचा 'थोडक्यात वर्णन' हा भाग वाचायला हवा. 420 म्हणजे फसवणूक, 406 आणि 409 म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या पैशाचा अपहार, 307 म्हणजे खुनाचा प्रयत्न. 138 हे चेक न वटल्याचं कलम आहे. ते वेगळ्या कायद्यातलं असून त्यात सहसा पोलिसांचा एफआयआर नसतो, थेट कोर्टात फिर्याद असते. 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात, तिथे फसवणूक 318 मध्ये, अपहार 316 मध्ये आणि खुनाचा प्रयत्न 109 मध्ये आहे.

दुसरं पाहायचं ते 'आरोप निश्चित झाले का'. एफआयआर कुणीही कुणावर करू शकतो. पोलीस तपास करून दोषारोपपत्र देतात, मग कोर्ट कागद पाहून ठरवतं की खटला चालवण्याइतका आधार आहे. त्यालाच आरोप निश्चित होणं म्हणतात. 'होय' लिहिलं असेल तर एका न्यायाधीशाने तेवढं मान्य केलेलं असतं, दोषी मात्र ठरवलेलं नसतं. 'नाही' लिहिलं असेल तर एफआयआर क्रमांकातलं साल बघा. दहा वर्षांपूर्वीची केस अजून तिथेच असेल तर वरच्या कोर्टाची स्थगिती आहे का, हे पुढच्या अपील-रिव्हिजनच्या भागात कळतं.

केसेस असलेल्या उमेदवाराला प्रचाराच्या काळात तीनदा पेपरात आणि टीव्हीवर त्या जाहीर कराव्या लागतात. बारीक अक्षरातली ती जाहिरात आणि प्रतिज्ञापत्र यांतल्या केसेसची संख्या जुळते का, हे पाच मिनिटांत पाहून होतं.

'खोटं लिहिलं तर कोण काय करतं?'

निवडणूक अधिकारी आकडे तपासत नाही. रकाने कोरे सोडले असतील तर तो भरायला सांगतो, आणि तरीही कोरे राहिले तर अर्ज फेटाळू शकतो. हे 2013 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ठरलं. म्हणून 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहावं लागतं. पण 'निरंक' खोटं आहे म्हणून तो अर्ज उडवत नाही.

खोटी माहिती देणं किंवा लपवणं हा लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम 125 अ खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. निवडून आलेल्याची निवड रद्द करायची तर निकालापासून 45 दिवसांत हायकोर्टात निवडणूक याचिका करावी लागते, आणि ती त्या मतदारसंघातला साधा मतदारही करू शकतो.

तिथे प्रत्येक राहिलेली वस्तू चालत नाही. अरुणाचल प्रदेशातल्या एका आमदाराच्या प्रकरणात एक स्कूटी, एक ओम्नी व्हॅन आणि एक मोटरसायकल दाखवली नाही म्हणून हायकोर्टाने निवड रद्द केली होती. 2024 साली सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल फिरवून निवड कायम ठेवली. वाहनं आधीच विकलेली किंवा भेट दिलेली होती, आणि उमेदवाराने घरातली प्रत्येक जंगम वस्तू लिहिलीच पाहिजे असं नाही, असं कोर्टाने म्हटलं. लपवलेली गोष्ट मोठी असली पाहिजे किंवा त्याच्या राहणीमानाबद्दल मतदाराची समजूत बदलणारी असली पाहिजे. फौजदारी केसेस लपवण्याबाबत मात्र 2015 च्या निकालात कोर्ट कडक राहिलं, आणि तो भ्रष्ट आचार धरला.

मतदानाआधी काही करायचं असेल तर एक साधा मार्ग आहे. एखाद्या उमेदवाराची माहिती खोटी आहे असं दाखवणारा कागद तुमच्या हातात असेल, समजा उताऱ्यावर त्याचं नाव आहे आणि तो सर्व्हे नंबर प्रतिज्ञापत्रात नाही, तर नोटरीसमोर स्वतःचं उलट प्रतिज्ञापत्र करून निवडणूक अधिकाऱ्याकडे देता येतं. ते उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्राबरोबर लोकांसाठी लावलं जातं. शपथ तुमचीही असते, म्हणून त्यात ऐकीव काही घालू नका. उताऱ्याची छापील प्रत जोडा आणि दोन्हीकडचा सर्व्हे नंबर, हिस्सा आणि गावाचं नाव एक-एक अक्षर ताडून घ्या.